आधी इमर्जन्सी फंड की एसआयपी: तीन लाखांचा एक हिशोब

प्रश्न: वय ३१. ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये नोकरी, हातात ७४ हजार येतात. घणसोलीत भाड्याने राहतो, भाडं १९ हजार. बायको सध्या घरी, मुलगी तीन वर्षांची, आई-वडील गावी. मेडिक्लेम कंपनीचाच आहे. खात्यात १ लाख ४० हजार पडून आहेत, महिन्याला १८ हजार उरतात. मित्र म्हणतो एसआयपी सुरू कर, ऑफिसातले सीनियर म्हणतात आधी सहा पगार बाजूला टाक. साडेचार लाख जमवायला दीड-दोन वर्षं जातील. तोवर गुंतवणूक करायचीच नाही का? आणि हा पैसा ठेवू कुठे?

उत्तर:

सीनियरनी सांगितलेला क्रम बरोबर आहे, पण त्यांचा आकडा पगारावरून आलाय, आणि गडबड तिथेच आहे. नोकरी गेल्यावर हॉटेल, कपडे, शनिवार-रविवारची भटकंती आपोआप थांबते. थांबत नाही ते भाडं, किराणा, हप्ते आणि गावी पाठवायचे पैसे. म्हणून माझ्याकडे नौपाड्यात कोणी हा प्रश्न घेऊन आलं की मी पगाराची स्लिप बाजूला ठेवायला सांगतो आणि मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतो. तुमचं स्टेटमेंट माझ्यासमोर नाही, त्यामुळे भाडं सोडून बाकीचे आकडे मी अंदाजाने धरतोय. तुमचे खरे घालून बेरीज पुन्हा करा.

भाडं १९,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून १०,५००. वीज, मोबाइल, इंटरनेट २,५००. मुलीची बालवाडी ३,०००. गावी ५,०००. दुचाकीचा हप्ता असेल तर ३,२००. औषधं आणि किरकोळ प्रवास २,३००. झाले ४५,५००. यात अजून १,५०० घालायचे आहेत, आणि तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या रकमेची.

तुमचा मेडिक्लेम कंपनीचा आहे. बहुतेक कंपन्यांत तो शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. म्हणजे पगार थांबतो त्याच दिवशी तिघांचं विमा संरक्षणही जातं. तेव्हा घाईने नवी पॉलिसी घेतली तरी पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांसाठी ती उपयोगाची नसते, ठरावीक शस्त्रक्रियांना दोन-दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत. म्हणून नोकरी चालू असतानाच स्वतःची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य पॉलिसी, घ्यायची आणि ही प्रतीक्षा आत्ताच संपवायला लागायचं. तुमच्या वयाला वर्षाचा हप्ता १५ ते २० हजारांच्या घरात जाईल. मी महिन्याला १,५०० धरतो. विम्याशिवायचा इमर्जन्सी फंड एका ॲडमिशनमध्ये संपतो, मग तो सहा महिन्यांचा असो की बारा.

आता महिन्याची बेरीज ४७,००० झाली. पगार ७४ हजार असला तरी घर चालू ठेवायला ४७ पुरतात.

किती महिने, याला एकच उत्तर नाही. तुमचं काम करणाऱ्या माणसाला ऐरोली-महापे-ठाणे पट्ट्यात दुसरी नोकरी मिळायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. गेल्या वर्षभरात ऑफिस सोडून गेलेल्या चार-पाच जणांना फोन करा. त्यातही ज्यांना कंपनीने काढलं त्यांना आधी विचारा, कारण हातात ऑफर घेऊन गेलेल्यांचा अनुभव इथे उपयोगी नाही. बॅक ऑफिसच्या मधल्या फळीतल्या लोकांसाठी मी साधारण चार महिने धरतो. त्यात एक महिना वाढवायचा, कारण नव्या ठिकाणी रुजू झाल्यावरही पहिला पगार महिनाअखेरीस येतो. हा शेवटचा महिना हिशोबात धरायला लोक हमखास विसरतात. नोटीसचे पैसे मिळाले तर उत्तमच, पण ते धरून चालू नका. फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडल्यावर कंपनीकडून मिळणारा शेवटचा हिशोब, हातात पडेपर्यंत कधीकधी आठवडे जातात.

पाच महिन्यांचे २,३५,०००. त्याशिवाय एक एकरकमी रक्कम लागते, जी महिन्यांच्या गणितात बसत नाही: हॉस्पिटलचं डिपॉझिट, विमा कंपनी न देणाऱ्या वस्तूंचं बिल, रात्रीत गाडी करून गावी जाणं, तिथे वडिलांना ॲडमिट करणं. तुमच्या घराला मी यासाठी ६५,००० धरेन. आई-वडिलांचा वेगळा मेडिक्लेम असला, तर एवढ्यात भागेल. नसला तर हीच रक्कम दीड-दोन लाखांवर न्यावी लागेल आणि सगळा हिशोब त्यानुसार सरकेल. सध्या तो आहे असं समजून एकूण ३ लाख धरू.

तुमची बायको नोकरी करत असती तर मी महिने कमी केले असते. दोघांचे पगार एकाच वेळी जाण्याची शक्यता कमी, अर्थात दोघं एकाच कंपनीत नसतील तर. उलट वागळे इस्टेटमध्ये स्वतःचं वर्कशॉप असलेला माणूस हाच प्रश्न विचारता तर त्याला मी नऊ ते बारा महिने सांगितले असते. त्याच्याकडे पैसे येणं एका दिवशी थांबत नाही, आधी बिलं साठ-नव्वद दिवस लांबतात आणि तो तेवढ्या काळात स्वतःची बचत धंद्यात घालत राहतो. स्वतःचं घर आणि मोठा ईएमआय असेल तर तो ईएमआय खर्चात पूर्ण धरायचा. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरवते, पण पहिला हप्ता बाउन्स झाल्यापासूनच दंड आणि क्रेडिट स्कोअरची घसरण सुरू होते.

आता तुमच्याकडचे १ लाख ४० हजार. हे सगळे इमर्जन्सी फंडात धरायचे नाहीत. भाडेकरार अकरा महिन्यांचा असेल. घरमालकाने नूतनीकरण केलं नाही तर ब्रोकरेज म्हणून एक भाडं, टेम्पो, आणि नव्या डिपॉझिटमधला फरक लागेल. जूनमध्ये शाळेचा प्रवेश आहे. गणपतीला गावी जाणं आहेच. या गोष्टी येणार हे आधीपासून माहीत असतं, त्यांना आणीबाणी म्हणता येत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक इमर्जन्सी फंड मोठ्या संकटाने संपलेले नाहीत, अशा ठरलेल्या खर्चांनी थोडे थोडे संपलेले आहेत. म्हणून यातले ४०,००० वेगळे काढा आणि यापुढे दरमहा ३,००० ची आरडी फक्त वार्षिक खर्चांसाठी लावा. फंडात उरले १ लाख. जमवायचे राहिले २ लाख.

दरमहा उरणाऱ्या १८,००० मधून विम्याचे १,५०० आणि आरडीचे ३,००० गेले की १३,५०० राहतात. सगळे फंडात टाकले तर २ लाखांना पंधरा महिने लागतील. त्यातून २,००० ची एसआयपी चालू केली तर ११,५०० राहतात आणि साधारण अठरा महिने लागतील. फरक तीन महिन्यांचा. तुमच्याकडे आत्ताच दोन महिन्यांहून थोडा जास्त खर्च जमा आहे, म्हणून या २,००० ला माझी हरकत नाही. केवायसी होईल, हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी म्हणजे बँकेचं मॅन्डेट लागेल, आणि बाजार पडल्यावर आपल्या पोटात किती गोळा येतो ते छोट्या रकमेवर कळेल. हातात एक महिन्याचाही खर्च नसता तर मी एसआयपी शून्य सांगितली असती. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडायची. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के पडतं, त्यापुढे कोणतीही एसआयपी टिकत नाही. बोनस आला तर पूर्ण फंडात टाका, म्हणजे अठराचे चौदा-पंधरा महिने होतील.

पण उरलेले पैसे आत्ताच शेअर बाजारात का नकोत? मित्राचं म्हणणं असेल की लागतील तेव्हा काढता येतातच की. काढता येतात, दोन-तीन दिवसांत हातातही येतात. अडचण किमतीची आहे. २०२० च्या जानेवारीत निफ्टी १२,३०० च्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. सुमारे ३८ टक्क्यांची घसरण, अवघ्या दोन महिन्यांत. पगारकपात आणि नोकऱ्या जाणं सुरू झालं ते त्याच काळात. हा योगायोग नसतो. ज्या कारणाने कंपन्या माणसं कमी करतात, त्याच कारणाने त्यांचे शेअर पडलेले असतात, म्हणजे तुम्हाला विकायची गरज पडेल तो दिवस विकायला वाईट असण्याची शक्यता बरीच. ज्यांच्याकडे पाच-सहा महिन्यांचा खर्च वेगळा होता, त्यांनी मार्चमध्ये हात लावला नाही आणि त्यांचे पैसे त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत भरून आले. बाकीच्यांनी ३८ टक्के तोटा पदरात घेऊन भाडं भरलं.

आता ठेवायचं कुठे. मी रकमेची विभागणी परताव्यावरून करत नाही, पैसा किती तासांत लागेल त्यावरून करतो.

पहिले ६०,००० बचत खात्यात. पण पगाराच्या खात्यात नको, वेगळ्या बँकेत. पगाराच्या खात्यातला पैसा स्विगीला आणि इमर्जन्सीला सारखाच दिसतो. शिवाय सर्व्हर बंद पडला किंवा कार्ड ब्लॉक झालं तर दुसरी बँक हाताशी असते. खातं दोघांच्या नावाने, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, आणि डेबिट कार्ड दोघांना स्वतंत्र. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाख असते, पण नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं तर पहिल्या २४ तासांत ती बरीच कमी असते. नेट बँकिंगमध्येही नवा खातेदार जोडल्यावर सुरुवातीला रकमेवर बंधन येतं. म्हणून ज्यांना पैसे पाठवावे लागू शकतात, म्हणजे बायको, भाऊ, घरमालक, त्यांची नावं आत्ताच जोडून ठेवा.

पुढचे १,२०,००० एफडीत, पण एक मोठी पावती नको. ३०,००० च्या चार करा. लोकांना एफडी मोडायची फार भीती वाटते, तेव्हा एकदा आकडा पाहू. समजा ३०,००० ची एक वर्षाची एफडी साडेसहा टक्क्यांनी केली आणि चार महिन्यांनी मोडली. बँक तुम्हाला चार महिन्यांच्या मुदतीचा दर देईल, समजा पाच टक्के, आणि त्यातून एक टक्का दंड कापेल. हातात चार टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज, म्हणजे ४०० रुपये. न मोडता तेवढ्या काळात ६५० झाले असते. नुकसान २५० रुपये, आणि तेही एकाच पावतीवर, कारण बाकीच्या तीन शाबूत आहेत. मात्र पाच वर्षांची करबचतीची एफडी यात धरू नका, ती मुदतीआधी मोडता येत नाही. पीपीएफ, पीएफ, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू, क्रेडिट कार्डाची लिमिट, यांपैकीही काही या हिशोबात येत नाही. दागिने तारण ठेवता येतात, ती दुसरी फळी समजा.

उरलेले १,२०,००० लिक्विड फंडात किंवा, म्युच्युअल फंडाचं झंझट नको असेल तर, आणखी चार एफडीत. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीच्या रोख्यांतच पैसे लावू शकतो, म्हणून त्याची किंमत फारशी हलत नाही. कामकाजाच्या दिवशी तीन वाजण्यापूर्वी काढायला लावलं तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. काही योजनांत तात्काळ काढण्याची सोय असते, दिवसाला ५०,००० किंवा तुमच्या रकमेच्या ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. पहिल्या सहा दिवसांत काढलं तर एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, लागतो, पण अगदी नाममात्र. शुक्रवारी संध्याकाळी काढायला घेतलेले पैसे मंगळवारी येतात, म्हणून पहिले साठ हजार तिथे नकोत.

इथे एक काळजी घ्या. ॲपवर ‘लिक्विड’च्या शेजारी अल्ट्रा शॉर्ट, लो ड्युरेशन, क्रेडिट रिस्क अशी नावं दिसतील आणि त्यांचा मागच्या वर्षाचा परतावा थोडा जास्त दिसेल. तो जास्तीचा परतावा बहुधा लांब मुदतीच्या किंवा कमी पत असलेल्या कंपन्यांच्या कर्जरोख्यांतून आलेला असतो. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद केल्या, त्यांत एक अल्ट्रा शॉर्ट बाँड फंडही होता. गुंतवणूकदारांना पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण लॉकडाउनच्या त्या महिन्यांत कोणालाच हात लावता आला नाही. फंडाची मासिक फॅक्टशीट उघडून ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांची सर्टिफिकेट्स किती आहेत ते बघा. एक लाख वीस हजारांवर अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे वर्षाला ६०० रुपये. तेवढ्यासाठी हा धोका घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

बँक निवडतानाही हेच. ठाणे-नवी मुंबईत सहकारी बँकेत खातं नसलेलं मराठी घर विरळा, आणि चांगल्या चाललेल्या सहकारी बँकाही भरपूर आहेत. ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. पण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्यांदा खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, ती नंतर वाढवली गेली. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली. तरी तीन महिन्यांनी मिळणारे पैसे हॉस्पिटलच्या काउंटरवर चालत नाहीत. म्हणून पूर्ण फंड एका बँकेत ठेवू नका, दोन बँकांत विभागा, आणि त्यातली एक मोठी शेड्यूल्ड व्यापारी बँक असू द्या. पतपेढीतल्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून इमर्जन्सी फंड पतपेढीत किंवा भिशीत घालणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

शेवटचा मुद्दा कोणी विचारत नाही, आणि अडतं नेमकं तिथेच. आपण नोकरी जाण्याचाच विचार करतो. पण समजा कमावता माणूसच आयसीयूत आहे. कळव्याच्या एका कुटुंबाचं असंच झालं. फंड व्यवस्थित होता, साडेतीन लाखांचा. सगळा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, फोनला त्याच्या बोटाचं लॉक, यूपीआयचा पिन त्याच्या डोक्यात. बायकोचं नाव नॉमिनी म्हणून होतं. नॉमिनीला खातेदार जिवंत असेपर्यंत काहीच मिळत नाही. तिने दिराकडून आणि शेजाऱ्यांकडून उसने घेऊन डिपॉझिट भरलं, आणि साडेतीन लाख जागच्या जागी राहिले.

जॉइंट एफडीतही एक खोच आहे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलेलं असलं तरी ते बहुतेक बँकांत मुदत संपल्यावरच्या पैशांना लागू होतं. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या मागतात. पावती करतानाच बँकेला विचारा की एकाच्या सहीने मोडता येईल असं लेखी देता येईल का. नसेल तर चारपैकी दोन पावत्या सरळ बायकोच्या नावाने करा. व्याज करासाठी तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, पण इतक्या रकमेवर ते किरकोळ आहे. लिक्विड फंडाचा फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, दोघांच्या नावाने उघडायचा आणि होल्डिंगच्या रकान्यात ‘जॉइंट’ न निवडता ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ निवडायचं. ॲपवरून घाईत उघडलेला फोलिओ बहुतेक वेळा एकट्याच्या नावाचा असतो, तेव्हा तुमचा आधीपासून काही असेल तर तपासून घ्या. आणि एकदा बायकोला तिच्या फोनवरून हजार रुपये काढून बघायला सांगा. तिला जमलं की फंड तयार झाला असं समजा.

पगार थांबलाच तर त्याच आठवड्यात एसआयपी ॲपवरून थांबवा. मॅन्डेट चालू राहून खात्यात पैसे नसले तर बँक परतीचा दंड लावते, हप्त्यामागे एक. आधी बचत खातं वापरा, मग महिन्याला लागेल तशी एकेक एफडी, लिक्विड फंड सगळ्यात शेवटी. नवी नोकरी लागल्यावर पहिले काही पगार हे सगळं उलट्या क्रमाने भरण्यात जातील, तोवर एसआयपी बंदच ठेवा. आणि तीन लाख पूर्ण होतील त्या महिन्यापासून ते ११,५०० एसआयपीकडे वळवा, तोवर भाडं वाढलं असेल किंवा घरात काही बदललं असेल तर आधी ४७,००० ची बेरीज नव्याने मांडून.